फॅटी लिव्हर: तूप सोडलं, तेल सोडलं, तरी रिपोर्ट तसाच का? आहाराचा क्रम असा लावा

मी जळगावात आहाराचं काम करते आणि सोनोग्राफीचा कागद हातात घेऊन येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, की मॅडम तूप पूर्ण बंद केलंय, भाजी पाण्यात शिजवून खातो, तरी ग्रेड टू तसाच. मग चहा किती घेता विचारलं की थोडं थांबून उत्तर येतं, "गुळाचाच घेतो ना पण."

चूक क्रमात आहे. यकृतात चरबी साधारण तीन वाटांनी येते. सगळ्यात मोठी वाट म्हणजे अंगावर, खास करून पोटाच्या घेरात, साठलेली चरबी, ती सुटून रक्तातून यकृतात जाते, आणि यकृतातल्या चरबीत साधारण साठ टक्के वाटा हिचाच असतो. दुसरी वाट, पंचवीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साखर आणि जास्तीच्या पिठापासून यकृत स्वतःच बनवतं ती चरबी. आणि ताटातल्या तेल-तुपातून थेट येणारी वाट सगळ्यात लहान, पंधरा टक्क्यांच्या जवळपास. लोक ही लहान वाट घट्ट बंद करतात आणि दोन मोठ्या उघड्या ठेवतात.

हे आकडे ज्यांना फॅटी लिव्हर आहे अशा जाड माणसांत मोजलेले आहेत, प्रत्येकात थोडं इकडेतिकडे होणार, पण क्रम ठरवायला पुरेसे आहेत. खाली माझ्या अमळनेरच्या मामाची केस घेऊन सगळं सांगते, त्याची परवानगी घेतलीय, फक्त "माझं वजन सगळ्यांना सांगू नको" म्हणाला होता, ते मात्र सांगावंच लागेल.

## टप्पा १: आहाराला हात लावायच्या आधी रिपोर्ट नीट बघा

मामा ४८ वर्षांचा, कृषी केंद्राचं दुकान, दारू नाही, वजन ८६ किलो, कमरेचा घेर १०४ सेंटीमीटर. दिवाळीनंतर अॅसिडिटीसाठी सोनोग्राफी केली त्यात ग्रेड टू फॅटी लिव्हर निघालं. रक्ततपासणीत यकृताला त्रास होतोय का ते सांगणारे दोन आकडे, एसजीपीटी ७२ आणि एसजीओटी ४६, प्लेटलेट २ लाख ३० हजार.

सोनोग्राफीतला ग्रेड चरबी किती ते अंदाजाने सांगतो. यकृत कडक व्हायला लागलंय का, म्हणजे फायब्रोसिस आहे का, हे त्यातून कळत नाही, आणि खरी भीती त्याचीच असते. त्यासाठी घरी करता येईल असा एक हिशोब आहे, फिब-४ नावाचा:

फिब-४ = (वय × एसजीओटी) ÷ (प्लेटलेट × √एसजीपीटी)

प्लेटलेट हजारात घ्यायच्या. मामाचं असं झालं: ४८ गुणिले ४६ म्हणजे २२०८. ७२ चं वर्गमूळ साधारण ८.५, त्याला २३० ने गुणलं की १९५५. भागाकार १.१३. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर फायब्रोसिस जास्त असण्याची शक्यता कमी, आहारावर काम सुरू करता येतं. १.३ च्या वर असेल तर घाबरू नका पण डॉक्टरांना दाखवून यकृताचा कडकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन करून घ्या. पासष्टच्या पुढच्या वयात ही रेषा २ ला धरतात आणि पस्तिशीच्या आतल्यांना हा हिशोब नीट लागू पडत नाही.

थांबा, हे तपासा: हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी झालीय का? कावीळ, पायावर सूज, पोटात पाणी, सिरोसिस असं काही सांगितलंय का? असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, तिथे कमी खाणं उलटं पडतं, त्या माणसाला जास्त प्रोटीन लागतं आणि रात्री उपाशी ठेवायचं नसतं. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खालचे बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण खाणं कमी केलं आणि डोस तोच राहिला तर शुगर एकदम खाली जाते. गरोदर बायांनी तर वजन कमी करायच्या भानगडीत पडूच नये.

आणि दारू. "आठवड्यातून एकदाच" वाली पण. यकृतावर आधीच चरबी असताना तिचं किती प्रमाण चालतं या हिशोबात न पडता बंद करा.

## टप्पा २: तीन दिवस नुसतं लिहा, काही बदलू नका

हा टप्पा सगळे गाळतात. लोक सोमवारी रिपोर्ट बघतात आणि मंगळवारी दुधी भोपळ्याचा ज्यूस सुरू. आधी तीन दिवस, त्यात एक रविवार धरून, तोंडात जे जे जातं ते लिहा. वाटी, चमचा, कप अशा मापात.

मामाच्या वहीतला एक दिवस असा होता. सकाळी गुळाचा चहा आणि चार टोस्ट. नऊला पोहे, मोठी डिश, वर शेव. दुकानात सात कट चहा, कारण गिऱ्हाईक आलं की चहा, कंपनीचा माणूस आला की चहा, कोणीच आलं नाही तर कंटाळा आला म्हणून चहा. दुपारी कळण्याच्या तीन भाकरी, तर्रीवाली भाजी. पाचला कधी कचोरी कधी भजी. रात्री खिचडी दोन ताटं, वरून शेंगदाण्याचं तेल, पापड, आणि झोपताना दूध-केळं कारण "त्याच्याशिवाय पोट साफ होत नाही."

तूप कुठेच नाही. तूप त्याने पहिल्याच दिवशी सोडलं होतं.

घरच्यासाठी अजून दोन तपासण्या करा. एक, किराण्याच्या बिलात महिन्याला साखर आणि गूळ मिळून किती किलो येतो ते बघा आणि घरातल्या माणसांनी भागा. माणशी महिन्याला पाऊण किलो म्हणजे रोजचे २५ ग्रॅम, जागतिक आरोग्य संघटना जास्तीच्या साखरेसाठी जे चांगलं प्रमाण सांगते ते साधारण एवढंच आहे, आणि त्यात बाहेरचं खाणं पण धरायचंय. दोन, तेलाचा नवीन डबा उघडला की त्यावर मार्करने तारीख टाका. हे पुढे लागणार आहे.

## टप्पा ३: पहिले दोन आठवडे फक्त साखर

फक्त साखर म्हणजे फक्त साखर, बाकी भाकरी-भात-तेल जसं आहे तसं राहू द्या, एकाच दिवशी सगळं बदललं की आठव्या दिवशी सगळंच सुटतं हे मी इतक्यांदा बघितलंय.

साखर पहिली का? साखरेचा अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज असतो. ग्लुकोज अंगातले सगळे अवयव वापरतात, फ्रुक्टोजचा बहुतेक भार मात्र यकृतावरच पडतो, आणि लागण्यापेक्षा जास्त आलं की तिथेच त्याची चरबी होते. त्यातून पातळ रूपातली साखर, म्हणजे चहा, सरबत, कोल्ड्रिंक, उसाचा रस, ही चावावी लागत नाही, पोट भरल्यासारखं वाटत नाही आणि झपाट्याने आत जाते.

मामाचा हिशोब केला. दुकानातले सात आणि घरचे दोन, नऊ चहा. एका कटात दीड-पावणेदोन चमचे, म्हणजे ८ ग्रॅमच्या आसपास. नऊ आठे बहात्तर ग्रॅम. महिन्याला दोन किलोच्या वर, नुसत्या चहातून, एकट्या माणसाची.

त्याला हे सांगितलं तर दुकानातल्या ओट्यावर बसून मला म्हणतो कसा, "मी साखर बंद करी टाकी, आते गूळना चहा पेस." अगदी अभिमानाने!

चूक क्रमांक एक, गूळ. गुळात बहुतेक साखरच असते, रंग, वास आणि थोडेफार क्षार वेगळे. यकृताला त्यात फरक कळत नाही. मध तसाच, खडीसाखर तशीच, आणि "सकाळी कोमट पाणी लिंबू मध" याने चरबी वितळत नाही, दिवसाची सुरुवात एक चमचा साखरेने होते एवढंच.

चूक क्रमांक दोन, ज्यूस. मोसंबीचा एक ग्लास म्हणजे तीन-चार मोसंब्यांची साखर, चोथा टाकून दिलेली. फळ चावून खाल्लं तर रोज दोन चालतात, एक मध्यम केळं त्यात आलं, केळ्याला घाबरायचं कारण नाही. पण शिकरण नको, दूध-केळं-साखर नको, आणि जेवणाच्या ऐवजी सहा केळी पण नकोत.

कमी कसं करायचं तर दोन भाग आहेत. पहिल्यांदा कप कमी करा, मग कपातली साखर. मामाने पहिल्या आठवड्यात नऊचे चार केले, दुकानात पाण्याचा जार ठेवला आणि ताकाची बाटली घरून नेली, मीठ-जिरं घातलेली. दुसऱ्या आठवड्यात चारचे दोन, आणि दोन्हीत अर्धा-अर्धा चमचा. चहावाल्या पोऱ्याला सांगून ठेवलं की शेटला विचारल्याशिवाय आणायचा नाही. पहिले चार-पाच दिवस डोकं दुखलं, ते चहाच्या तलफेचं असतं, आठवड्यात जातं. बिनसाखरेची काळी कॉफी चालत असेल तर दिवसाला दोन कप घ्यायला हरकत नाही, कॉफी पिणाऱ्यांत यकृत कडक होण्याचं प्रमाण कमी दिसतं, पण आवडत नसेल तर औषध म्हणून ढोसू नका.

पुढे जाण्याआधी तपासा: दोन आठवड्यांनी जास्तीची साखर दिवसाला पाच चमच्यांच्या आत आली का? बिस्किट, टोस्ट, सॉस, फरसाणात चिकटलेली साखर धरून. आली नसेल तर अजून एक आठवडा इथेच थांबा.

## टप्पा ४: तिसऱ्या आठवड्यापासून पीठ आणि भात

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे कोणतं धान्य, दुसरी म्हणजे किती.

कोणतं याचं उत्तर सोपं आहे. मैद्याचं जेवढं आहे ते आधी काढा: टोस्ट, खारी, बिस्किट, पाव, कचोरी. त्यानंतर साबुदाणा, तो जवळजवळ नुसता स्टार्च आहे, आणि उपवासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी, बटाट्याचा चिवडा, वरून राजगिऱ्याचा गोड लाडू असं झालं की तो उपवास यकृताला नेहमीच्या जेवणापेक्षा जड जातो. उपवास करायचाच असेल तर भगर एक वाटी, दाण्याची आमटी थोडी, दही, काकडी, एक फळ.

किती याच्यात मात्र सगळे फसतात, कारण आपल्याकडे भाकरीला पुण्याचं काम समजतात. ज्वारी-बाजरी चांगलीच, चोथा आहे, आणि आपली कळण्याची तर अजून चांगली कारण त्यात उडीद दळलेला असतो. पण एका भाकरीला ७० ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं, म्हणजे साधारण अडीच पोळ्यांएवढं. मामी थापते ती तर थाळीएवढी. तीन भाकऱ्या म्हणजे सात-साडेसात पोळ्या झाल्या, मग "मी पोळी-भात सोडला, भाकरीच खातो" याला काय अर्थ राहिला? एका बाईंनी तर सहा महिने रोज चार भाकरी खाऊन मला विचारलं होतं की मिलेट खाऊन पण वजन का वाढतंय.

ताट असं लावा. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ-उसळ-अंडं-मासा-दही यातलं काही, आणि उरलेलं पाव ताट भाकरी किंवा पोळी किंवा भात, तिन्हीतलं एकच. मामाला दुपारी एक भाकरी आणि वर हवी असेल तर अर्धी दिली. रात्री खिचडी सोडायला तो तयार नव्हता, आणि मला पण सोडायला लावायची नव्हती, खानदेशात रात्रीची खिचडी काढून घेतली तर माणूस उठूनच जाईल. म्हणून खिचडीचं प्रमाण फिरवलं. मामी दोन वाट्या तांदळाला अर्धी वाटी तूरडाळ टाकायची, ती आता एक वाटी तांदूळ, एक वाटी सालीची मूग किंवा तूरडाळ, आणि एक मोठी वाटी भाजी टाकते. ताट एकच, सोबत ताक आणि कांदा-काकडी, पापड भाजलेला.

सकाळचे पोहे अर्धे केले आणि त्यात मोड आलेली मटकी मूठभर, किंवा सोबत दोन अंडी. वांग्याचं भरीत तर देवाने यासाठीच दिलंय, भाजलेलं वांगं, हिरवी मिरची, लसूण, पात, पोटभर खा, फक्त फोडणीचं तेल मोजून, ते पुढे येतंच.

सावध: भाकरी-भात एकदम शून्य करू नका. कीटो वगैरे मनाने सुरू करणारे दीड महिन्यात परत येतात. आणि पिठाच्या जागी पोटात काहीतरी जायला हवं, ते डाळ-उसळ-दही-अंडं आहे. नुसतं कमी केलं की चार वाजता भजीच्या गाडीवर सापडता.

तपासा: जेवणानंतर दीड-दोन तासात झोप अनावर होते का, परत भूक लागते का? होत असेल तर पीठ अजून जास्त आहे किंवा डाळ कमी आहे.

## टप्पा ५: आता तेल-तूप, पण शून्य नाही

इथपर्यंत आलात की मग तेलाकडे बघा. आणि आता तो तारीख टाकलेला डबा काढा.

मामाच्या घरी चार माणसं, पाच लिटरचा डबा २६ दिवस गेला. पाच हजार मिली भागिले २६ भागिले चार, म्हणजे माणशी रोज ४८ मिली, साडेनऊ चमचे, बाहेरची कचोरी यात नाही. हवं किती, तर चार चमचे, म्हणजे हाच डबा त्या घरात दोन महिने जायला पाहिजे. डबा किती दिवस गेला हे एकच माप बघा, चमच्याने मोजायचा उत्साह आठवडाभर टिकतो, डब्यावरची तारीख मात्र खोटं बोलत नाही.

चार चमच्यांत शेव-भाजीची तर्री बसत नाही, हे खरं आहे. ती महिन्यातून एखाद्या वेळी, आणि वरचं तेल पळीने बाजूला काढून. खिचडीवर वरून तेल ओतायची आपली सवय आहे ना, ती मामाने एका चमच्यावर आणली, लसूण-मिरचीची फोडणी करून, म्हणजे वास तेवढाच येतो.

कोणतं तेल यावर लोक तासभर भांडतात. शेंगदाणा, सोयाबीन, सरकी, सूर्यफूल, घरात जे आहे ते चालू द्या, बदलायचं ते दुसरंच आहे. संपृक्त चरबी, म्हणजे तूप, लोणी, मलई, सुकं खोबरं, पामतेल, ही तेवढ्याच कॅलरीच्या शेंगदाणा-सूर्यफूल तेलापेक्षा यकृतात जास्त साठते. म्हणून बट्टी तुपात बुडवून नको, पण वरणावर अर्धा चमचा तूप टाकलं तर काही आकाश कोसळत नाही. वनस्पती तूप मात्र घरात नकोच, आणि बेकरीच्या खारी-नानकटाईत काय वापरलंय ते आपल्याला दिसत नाही. ट्रान्स फॅट तेल-तुपात दोन टक्क्यांवर नको असा नियम २०२२ पासून आहे, तो काळ्याकुट्ट कढईतल्या, दिवसभर तापलेल्या तेलाला कोण लावणार?

चूक क्रमांक तीन, तेल पूर्ण बंद. चरबी अजिबात पोटात गेली नाही की पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त साचून राहतं, त्यात वजन झपाट्याने उतरत असेल तर खडे होतात. शिवाय तेल बंद करणारी माणसं भूक भागवायला गोडाकडे वळतात, म्हणजे लहान वाट बंद करून मोठी उघडली. शेंगदाणे मूठभर, भिजवलेले किंवा भाजलेले, रोज चालतात, पण मग भाजीतला कूट त्यातच धरा. आपली भाजी कुटाशिवाय होत नाही आणि तो कोणी मोजत नाही.

## टप्पा ६: वजन, आणि ते हळू का

आता साठ टक्क्यांची वाट. ती बंद व्हायला पोटाचा घेर उतरायला हवा. किती? ८६ किलोच्या माणसाचं पाच टक्के म्हणजे ४.३ किलो, एवढ्याने यकृतातली चरबी कमी व्हायला लागते. सात टक्के म्हणजे सहा किलो, इथे यकृताची सूज उतरायची शक्यता चांगली. दहा टक्के, ८.६ किलो, इथे सुरुवातीचा कडकपणा पण मागे फिरू शकतो. आदर्श वजनाचा तक्ता बघून ६५ किलोचं स्वप्न बघायची गरज नाही. अंगाने सडपातळ असून फॅटी लिव्हर असेल तर तीन ते पाच टक्के पण पुरतात, आणि तिथे साखर आणि कमरेचा घेर वजनापेक्षा महत्त्वाचे.

वेग आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. याच्या पुढे का नको ते मामाने आधीच करून बघितलं होतं. डिसेंबरमध्ये कोणीतरी सांगितलं म्हणून वीस दिवस फळं, ज्यूस आणि कोमट पाणी, बाकी काही नाही. ८६ चे ८१ झाले, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि तपासलं तर एसजीपीटी ७२ ची ८८ झालेली! उपाशी राहिलं की शरीर पोटातली चरबी भराभर सोडतं, ती सगळी रक्तातून यकृतावरच येऊन आदळते, त्यात प्रोटीन नाही आणि ज्यूसची साखर वेगळीच. दीड महिन्यात वजन परत ८६. मांडीचं मांस गेलं आणि पोट तसंच आलं, असं तो स्वतःच म्हणतो.

मार्चमध्ये आम्ही वरच्या क्रमाने सुरू केलं. चहातून २५० च्या आसपास कॅलरी गेल्या, एक-दीड भाकरीतून तीनशेच्या आसपास, तेल हळूहळू उतरत साडेनऊ चमच्यांचे साडेपाच झाले तिथे दीडशेच्या वर, आणि डाळ-अंडी-ताक वाढलं त्याच्या दोनशे परत आल्या. निव्वळ पाचशे. तेवढ्यात आठवड्याला अर्धा किलो बसतो. सोबत रात्री जेवणानंतर अर्धा तास चालणं, अमळनेरच्या उन्हात दिवसा शक्यच नव्हतं.

पहिल्या दोन आठवड्यांत १.४ किलो उतरले. त्यात बरंचसं पाणी असतं, हुरळून जाऊ नका आणि पुढे वेग मंदावला तर खट्टू पण होऊ नका. एप्रिलच्या मध्यावर ८२.६. मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. घरात लेकी-सुना माहेरपणाला, खापरावरचे मांडे, आमरसाचं पातेलं. ठरलं होतं एक मांडा आणि एक वाटी रस, साखर न घालता, वर तूप न ओतता, त्या जेवणात भात नाही आणि रात्री फक्त ताक-कोशिंबीर. प्रत्यक्षात दोन मांडे झाले, आणि एकदा नाही, पाहुणे होते तोवर चार दिवस. वजन तीन आठवडे तिथेच अडकलं. अशा वेळी शिक्षा म्हणून उपास करायचा नाही. वही परत तीन दिवस काढायची आणि कुठे सुटलं ते बघायचं. मामाच्या वहीत मांड्यांपेक्षा दुकानातला चहाच परत पाचवर गेलेला सापडला.

तपासा: वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर. कमरेचा घेर महिन्यातून एकदा, बेंबीच्या रेषेत. लागोपाठ दोन आठवडे एक किलोपेक्षा जास्त उतरत असेल, अशक्तपणा येत असेल किंवा उजव्या बरगडीखाली जेवणानंतर कळ येत असेल तर खाणं थोडं वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा, ती कळ पित्ताच्या खड्याची असू शकते.

आणि काढे नकोत. लिव्हर डिटॉक्स, गुळवेलीचा काढा, कोणाच्या तरी पुड्या. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या केसेस आपल्याच मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवल्यात. रिपोर्ट बिघडला तर आहारामुळे की काढ्यामुळे हे पण मग कळत नाही.

## टप्पा ७: परत तपासणी कधी

दर महिन्याला सोनोग्राफी करू नका. सोनोग्राफीला थोडी चरबी दिसतच नाही, आणि ग्रेड बघणाऱ्यावर पण अवलंबून असतो, एका सेंटरला वन आणि दुसऱ्याला टू असं होतं. तीन महिन्यांनी फक्त रक्त तपासणी, सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी, शक्यतो त्याच सेंटरला. आणि एसजीपीटी नॉर्मल आली म्हणजे चरबी गेली असं समजू नका, बऱ्याच जणांची ती पहिल्यापासून नॉर्मलच असते.

मामाचं मेच्या शेवटी वजन ८१.२, एसजीपीटी ४४. ऑगस्टच्या शेवटी, कानबाईचे रोट वगैरे सगळं धरून, ७८.८, कमर ९६, एसजीपीटी ३१, सोनोग्राफी ग्रेड वन, फिब-४ एकच्या आसपास. तेलाचा डबा ४५ दिवसांवर आलाय, साठवर अजून गेलेला नाही, मामी म्हणते सुनेचा हात सढळ आहे, सून म्हणते सासूबाईंचा.

सहा महिने नीट पाळून सात टक्के वजन उतरलं आणि तरी एसजीपीटी वरच असेल, तर आहार अजून आवळत बसू नका. थायरॉइड, हिपॅटायटिस, काही चालू औषधं, क्वचित दुसरे आजार, हे डॉक्टरांनी तपासायचे असतात. मामाची पुढची तपासणी फेब्रुवारीत आहे, आणि या वेळी मामीची पण करतोय, कारण डबा एकच होता ना.